मिसळीच्या हॉटेलची फ्रँचायझी द्यायची आहे : फी किती, रॉयल्टी की मसाला, आणि चव कशी सांभाळायची?

माहुलीचा_मिसळवाला

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं मिसळीचं हॉटेल आहे, नऊ वर्षं झाली. सोमवार बंद, बाकी रोज १७० ते १८० प्लेट जातात, एक प्लेट ८० रुपये. कांदा-लसूण मसाला आई घरीच करते, कट मी स्वतः करतो.

गेल्या वर्षभरात पाच-सहा जणांनी फ्रँचायझी मागितली. कोरेगावचा एक जण तर तीन लाख रोख घेऊन दुकानात आला होता. मी घेतले नाहीत, कारण त्या पैशाच्या बदल्यात त्याला नक्की काय द्यायचं हे माझं मलाच ठरवता येईना.

कराडसारख्या ठिकाणी रोज १२० प्लेट गेल्या असं धरून मी हिशेब मांडला. महिन्याला २६ दिवस, म्हणजे अडीच लाखांचा धंदा. त्यातून माल ९५ हजार, गाळाभाडं १८, एक आचारी, दोन पोरं आणि भांड्याची मावशी मिळून पगार ५५, गॅस १६, लाईट-पाणी ६, पार्सलचे डबे आणि किरकोळ ७ हजार. राहिले ५३ हजार. मी ६ टक्के रॉयल्टी म्हणजे १५ हजार घेतले तरी त्याच्या हातात ३८ हजार राहतात. सुरुवातीची फी ३ लाख, आणि दुकान उभं करायला त्याचे साडेचार लाख.

हे बरोबर आहे का? आणि मुख्य काळजी चवीची. बोर्ड माझ्या नावाचा आणि रस्सा भलताच, असं झालं तर नऊ वर्षांचं नाव वर्षात जाईल. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगावं.

कंदी_पेढा

दादा, इतका विचार कशाला करताय? माझे सासरे तीस वर्षं पेढ्यांची एजन्सी देतात. खोकी भरून माल पाठवायचा, एजंटाला कमिशन, न खपलेला माल परत. तुम्ही पण तसंच करा, रस्सा सकाळी कॅनमध्ये भरून टेम्पोने पाठवा.

माहुलीचा_मिसळवाला

@कंदी_पेढा पेढा तयार होऊन खोक्यात बसतो आणि टिकतो. मिसळ तिथंच शिजते आणि तिथंच वाढली जाते. शिवाय फ्रँचायझीत दुकान त्याचं, माणसं त्याची, तोटाही त्याचा. माझं फक्त नाव, मसाला आणि पद्धत. कॅनमधून रस्सा एकदा पाठवून पाहिलाय. कोरेगावला पोचेपर्यंत तर्री वेगळी झाली होती आणि पुन्हा उकळल्यावर वाटणाचा वास उतरला.

पाटण_खोरे

सोपं आहे. बिलिंग सॉफ्टवेअर तुमचं ठेवा, तुम्हाला मोबाईलवर प्रत्येक बिल दिसेल आणि ६ टक्के आपोआप निघतील. करारात लिहून घ्या की सोडल्यावर पाच वर्षं सातारा जिल्ह्यात मिसळीचा धंदा करायचा नाही. मग तुमची पद्धत शिकून कोणी पळणार नाही. माझ्या मित्राने मोबाईल रिपेअरिंगचं असंच केलंय.

लेखाजोखा

मी सांगलीत जीएसटीचं काम बघतो. मूळ हिशेबात एक मोठी रक्कम सुटली आहे, आधी ती बघा.

महिना अडीच लाख म्हणजे वर्षाला ३० लाख. हॉटेल ही सेवा धरली जाते, त्यामुळे २० लाखांच्या वर नोंदणी घ्यावीच लागते. दर ५ टक्के. तुमचे ८० रुपये हाच गिऱ्हाइकाने द्यायचा शेवटचा भाव असेल तर कर त्यातूनच जाणार, महिन्याला ढोबळ १२ हजार.

दुसरं असं की रॉयल्टी आणि फ्रँचायझी फी यांच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १५ हजारांवर २,७०० रुपये. मोठ्या कारखान्याला हा कर वजा मिळतो, पण ५ टक्क्यांच्या दरातल्या हॉटेलला मिळत नाही. तो त्याच्या खिशातूनच जातो.

आता परत मांडा. ५३ मधून कराचे बारा, रॉयल्टीचे पंधरा, तिच्यावरचे पावणेतीन गेले. राहिले सव्वातेवीस. तुमच्या फीवरही १८ टक्के, म्हणजे त्याच्यासाठी ती ३ लाख ५४ हजार झाली. एकूण आठ लाख घालून पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला महिन्याला जेमतेम तेवीस हजार उरतात. पैसे वसूल व्हायला तीन वर्षं लागतील, तेही पहिल्या दिवसापासून १२० प्लेट गेल्या तर.

माहुलीचा_मिसळवाला

हे वाचून काल रात्री झोप नाही लागली. कराचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण आमचं हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, विक्रीवरचा ठरावीक टक्का तिमाहीला एकदम भरून मोकळा होतो. कोरेगाववाल्याचे तीन लाख घेतले असते तर त्या पोराच्या संसाराचं मी काय केलं असतं?

लेखाजोखा

कंपोझिशनचा मुद्दा बरा काढलात. कंपोझिशनवाल्याला बिलावर वेगळा कर लावता येत नाही, आणि हॉटेलाव्यतिरिक्त दुसऱ्या सेवांचं उत्पन्न थोड्या मर्यादेपर्यंतच चालतं. फ्रँचायझीची फी घ्यायला लागलात की ती मर्यादा लवकर ओलांडाल. त्याच पॅनवर दुसरी नोंदणी काढून भागत नाही, एका पॅनवरचं सगळं एकत्रच धरतात. फ्रँचायझी आणि मसाल्याचं काम वेगळ्या फर्मच्या किंवा कंपनीच्या पॅनवर ठेवा आणि चालू हॉटेलला हात लावू नका. कागद हलवण्याआधी तुमच्या सीएबरोबर एकदा बसा.

कृष्णाकाठ

उशिरा बघतोय धागा. सांगली-मिरज पट्ट्यात आमच्या मिसळीच्या अकरा शाखा दिल्या होत्या, आज सात चालू आहेत. चार का बंद पडल्या त्यातूनच मी जे काही शिकलो ते शिकलो, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिला प्रश्न तुम्हालाच. तुम्ही दुकानात नसताना तुमचं हॉटेल किती दिवस चाललं आहे? एक दिवस नाही, सलग महिनाभर? तुम्ही लिहिलंय 'कट मी स्वतः करतो'. मग अजून विकायला काही तयार झालेलं नाही. हातातली चव विकता येत नाही, वजनात उतरलेली चव विकता येते. आधी दुसरं दुकान स्वतःच्या पैशाने काढा, साताऱ्याबाहेर, आणि पगारी माणसावर सोडा. ते सहा महिने चाललं तर त्याचे आकडे पुढच्या माणसाला दाखवायला तुमच्याकडे असतील. आज तुमच्याकडे एकाच दुकानाचे आकडे आहेत, आणि त्या दुकानात तुम्ही उभे आहात.

रॉयल्टीचं म्हणाल तर मी दोन वर्षं ५ टक्क्यांनी घेऊन पाहिली. @पाटण_खोरे, सॉफ्टवेअर बिल दाखवतं हे खरं, पण जे बिल फाडलंच नाही ते कसं दाखवणार? सकाळच्या गर्दीत निम्मी गिऱ्हाइकं रोख देतात, टेबलावरून पोरगा ओरडतो 'तीन मिसळ झाल्या', मालक गल्ल्यात टाकतो. मी महिन्याच्या महिन्याला भांडत होतो. भांडणाने पैसा थोडा आला आणि संबंध पार गेला.

नंतर टक्केवारी बंद केली आणि मसाल्यात मार्जिन ठेवलं. तुमच्याकडे १०० प्लेटला साधारण किती मसाला जातो, मोजलाय का?

माहुलीचा_मिसळवाला

मोजला नव्हता. आई मुठीने घालते. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आठ दिवस रोज सकाळी डबा वजन करून ठेवला आणि दुपारी परत केला. १०० प्लेटला ११०० ते १३०० ग्रॅम जातो. रविवारी जास्त, कारण रस्सा परत मागणारे जास्त.

कृष्णाकाठ

छान. सरासरी १२०० धरू, म्हणजे प्लेटला १२ ग्रॅम. कराडच्या हिशेबात महिन्याला ३,१२० प्लेट, म्हणजे साडेसदतीस किलो. मसाला तुम्हाला किलोला ३८० ला पडतो असं धरा आणि त्याला ५८० ला द्या. महिन्याला तुम्हाला साडेसात हजार मिळाले. मसाल्यावर जीएसटी ५ टक्के, त्यामुळे त्याच्यावर कराचं ओझंही कमी. त्याच्या हातात ३२ हजारांच्या आसपास राहतात. फी लाखभर ठेवलीत तर दीड वर्षात त्याचे पैसे मोकळे होतात. पंधरा हजार काढले तर तो वर्षभरात दुकान बंद करील, साडेसात काढले तर पाच वर्षं चालवील.

यातच तपासणीही होते, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. मसाला किती गेला ते तुम्हाला माहीत आहे. पावाची लादी कुठल्या बेकरीतून येते ते तुम्हीच ठरवून द्या आणि महिन्याचं पावाचं बिल मागून घ्या. मग मसाला आणि पाव शेजारी शेजारी मांडा. दोन्ही एकत्र कमी झाले तर धंदा खरंच पडलाय, मदतीला जा. पाव तेवढेच आणि मसाला कमी, तर तो बाजारचा मसाला मिसळतोय किंवा रस्सा पातळ करतोय. मसाला जास्त आणि पाव तेवढेच, तर आचाऱ्याचा हात सैल आहे, नाहीतर तुमचा मसाला मागच्या दाराने जातोय.

आमच्या एका शाखेत मसाला महिन्याला ३८ किलोवरून २९ वर आला आणि पाव एकही कमी झाला नाही. गेलो तर आचारी बाजारची मिरचीपूड आणि लाल रंग घालत होता. मालकाला खरोखर माहीत नव्हतं. तो सकाळी दहाला यायचा, कट पाचला व्हायचा.

पाटण_खोरे

सॉफ्टवेअरचं पटलं. पण मग मसाल्यातही पळवाटा निघतीलच की. १२ ग्रॅमच्या जागी ९ ग्रॅम घातला आणि बिलंही कमी फाडली तर?

कृष्णाकाठ

म्हणूनच पाव बघायचे. प्लेटला पाव कमी करता येत नाहीत, गिऱ्हाईक ताटातून उठेल. आणि ९ ग्रॅमचा रस्सा जिभेला लगेच कळतो. पंधरा दिवसांतून एकदा न सांगता जाऊन मिसळ खायची, पैसे देऊन. तरीही शंभर टक्के पकड कधीच बसत नाही, हे मान्य करूनच यात उतरा.

चहावाला_विटा

माझी बाजू दुसरीकडची आहे. मी फ्रँचायझी घेतली होती, चहाची. साडेतीन लाख भरले. नाव सांगत नाही.

प्रशिक्षण म्हणून दोन दिवस त्यांच्या दुकानात उभं केलं. तिसऱ्या दिवशी माझं उद्घाटन. त्यांचा माणूस नारळ फोडेपर्यंत होता. आठव्या महिन्यात माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर त्यांनीच दुसऱ्याला दिली. विचारलं तर म्हणाले, करारात हद्द लिहिलेली नाही. खरंच नव्हती. पूड त्यांच्याकडूनच घ्यायची, तिचा भाव वर्षात तीनदा वाढवला, चहाचा भाव मात्र वाढवू देईनात. चौदाव्या महिन्यात कुलूप लावलं. बायकोचे दागिने अजून सोसायटीत आहेत.

तेव्हा दादा, तुम्ही देणारे आहात. मसाल्याचा भाव किती आणि कधी वाढणार, हे करारातच लिहून द्या. आणि हद्द नकाशावर रेघ मारून द्या.

माहुलीचा_मिसळवाला

विट्याच्या भाऊ, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, आधी ह्यांचं लिही आणि मग तुझं. मसाल्याचा भाव वर्षातून एकदाच बदलायचा असं ठरवतोय, नवी मिरची घरात आल्यावर. आम्ही ब्याडगी आणि संकेश्वरी फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच वर्षाची घेतो, त्यामुळे त्यानंतर माझा खर्च फारसा हलत नाही. हद्द कशी ठरवायची ते मात्र कळत नाही. कराडात दोन किलोमीटर म्हणजे अर्धं गाव, आणि लोणंदला सगळं गाव.

वाईची_वकील

करारावर थोडं लिहिते.

@पाटण_खोरे यांनी म्हटलेली पाच वर्षांची बंदी कागदावर लिहिता येते, कोर्टात टिकणं अवघड. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, १८७२ चा करार कायदाच लागतो. त्याचं कलम २७ सांगतं की कोणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. करार चालू असताना 'दुसऱ्याची मिसळ विकायची नाही' ही अट चालते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या खटल्यात फ्रँचायझीच्या चालू मुदतीतली अशी अट मान्य केली. करार संपल्यावर मात्र तो शेजारच्या गाळ्यात स्वतःच्या नावाने मिसळ विकू शकतो.

म्हणून संरक्षण दुसरीकडून घ्यायचं. नाव तुमचं, बोर्ड तुमचा, गुगल नकाशावरची नोंद आणि ऑर्डरच्या अ‍ॅपवरची नोंद तुमच्या मोबाईल नंबरवर. करार संपला की त्या दिवशी बोर्ड उतरला पाहिजे आणि फोन तुमच्याकडे वळला पाहिजे. मसाल्याचं प्रमाण त्याला कळूच देऊ नका, तयार मसालाच द्या.

यासाठी नाव नोंदलेलं हवं. ट्रेडमार्क झालाय का?

माहुलीचा_मिसळवाला

नाही. नाव आमच्या कुलदैवताचं आहे. त्या नावाची साताऱ्यातच चार-पाच हॉटेलं असतील.

वाईची_वकील

मग हे काम सगळ्यांत आधी करा, फी-बी नंतर. देवाचं नाव एकट्याने मिळणं कठीण, आणि मिळालं तरी इतरांना रोखता येत नाही. त्याला तुमचा असा एखादा दुसरा शब्द जोडा आणि चित्र वेगळं करून घ्या. दोन वर्गांत अर्ज लागेल: हॉटेलसाठी ४३ आणि मसाल्यासाठी ३०. वैयक्तिक किंवा लहान उद्योग म्हणून ऑनलाइन भरलात तर एका वर्गाला ४,५०० रुपये सरकारी फी. जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी झाली की दहा वर्षं, मग नूतनीकरण. नवीन नावाचा बोर्ड आधी स्वतःच्या दुकानावर लावा, गिऱ्हाइकाच्या तोंडात बसू द्या.

करार आता किमान ५०० च्या स्टँपवर करतात, पण महत्त्वाचं आत काय लिहिलंय ते. विट्याच्या दादांच्या करारात काय नव्हतं तेच तुमच्या करारात असू द्या.

सुगरण_कोरेगाव

मला करारातलं काही कळत नाही, पण मटकीचं कळतं. फलटणकडे बहिणीच्या घरी गेले की माझी मटकी शिजत नाही. तिथलं बोअरचं पाणी जड. तुमच्या शाखा कुठल्या पाण्यावर चालणार आहेत?

कृष्णाकाठ

ताई, हा मुद्दा मी लिहायचाच राहिलो होतो, आणि आमची एक शाखा ह्याच्यावरच गेली.

तासगाव भागातलं दुकान. मटकी दोन-दोन तास शिजेना. आचाऱ्याने न विचारता सोडा घालायला सुरुवात केली. सोड्याने मटकी लगेच मऊ होते, पण साल सुटतं, रस्सा गढूळ होतो आणि मागे एक साबणासारखी चव राहते. आम्ही तीन महिने मसाल्यात दोष शोधत बसलो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कडधान्याचं साल मऊ होऊ देत नाही. साताऱ्यात तुम्ही नळाच्या पाण्यावर शिजवत असाल तर तुम्हाला हे कधीच जाणवणार नाही.

जागा पक्की करण्याआधी त्या गाळ्यातलं वीस लिटर पाणी घरी आणा. एकाच पोत्यातली मटकी दोन पातेल्यांत भिजवा, एक तुमच्या पाण्यात आणि एक त्या पाण्यात. मोड काढून दोन्ही सारख्याच वेळ शिजवा आणि बोटाने दाबून बघा. टीडीएस मीटरचा आकडा एकटा पुरत नाही, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो. फरक पडला तर भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी घालायचं, आणि तो खर्च त्याच्या हिशेबात पहिल्याच दिवशी धरायचा.

माहुलीचा_मिसळवाला

हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही खरंच नळाच्या पाण्यावरच शिजवतो.

प्रशिक्षणाचं पण विचारायचं होतं. मी १० दिवस म्हणत होतो.

कृष्णाकाठ

दहा दिवसांत तो पद्धत बघतो, तिची सवय लागत नाही. आम्ही तीन आठवडे ठेवतो, तुमच्या दुकानात, पहाटेपासून. अट एकच, मालकाने स्वतः यायचं. फक्त आचारी पाठवला तर चार महिन्यांनी आचारी शेजारच्या हॉटेलात जातो आणि शाखेत शिकलेलं कोणी उरत नाही.

पहिला आठवडा फक्त मटकी आणि वाटण. उन्हाळ्यात मटकीला रात्रभरात मोड येतात, डिसेंबरात फडक्यात गुंडाळून उबेला ठेवली तरी जास्त वेळ लागतो, हे हाताने कळायला हवं. दुसरा आठवडा कट. तिसऱ्या आठवड्यात त्याने करायचं आणि तुम्ही लांब बसायचं. शेवटच्या तीन दिवशी तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकांना त्याचा कट वाढा आणि काही सांगू नका. कोणी मान वर करून विचारलं नाही तर तो तयार.

त्यानंतर त्याच्या दुकानात तुमचा माणूस पंधरा दिवस. पहिला महिना सगळ्यांत वाईट असतो. पोरं नवीन, गर्दी नवीन, आणि मालक घाबरून मसाला वाढवतो नाहीतर तेल कमी करतो.

मसाला मोठ्या पोत्यात देऊ नका. २५ लिटर कटाला जेवढा लागतो तेवढ्याच वजनाचं एक पाकीट, सीलबंद, वर तारीख आणि घाणा क्रमांक. रिकामी पाकिटं परत मागवा. खोबरं-कांद्याचं वाटण मात्र तिथंच ताजं करावं लागतं, ते पाठवायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक घाण्यातला पाव किलो मसाला घरी बरणीत जपून ठेवा. नवा घाणा आला की जुन्याशेजारी दोन वाट्यांत रस्सा करून आईला चाखायला द्या, कुठला कोणता ते न सांगता.

सुगरण_कोरेगाव

पावसाळ्यात पाकीट ओल धरतं आणि मसाल्याचे गोळे होतात. जूनच्या आधी पाठवताय त्याचं पाकीट जाड घ्या. आणि ओल्या चमच्याने काढू नये हे मोठ्या अक्षरात लिहा.

माहुलीचा_मिसळवाला

आई आता शाखांसाठीही एवढा मसाला कांडून देऊ शकणार नाही. मसाल्याला वेगळी जागा घ्यावी लागेल असं दिसतंय.

लेखाजोखा

घ्यावीच लागेल. मसाला तयार करून दुसऱ्याला विकायचा तर त्या जागेचं स्वतंत्र अन्न सुरक्षा लायसन लागतं, हॉटेलच्या नोंदणीवर ते चालत नाही. शाखांचंही तसंच, प्रत्येक शाखेच्या पत्त्यावर शाखामालकाच्या नावाने वेगळं. तुमच्या लायसनची झेरॉक्स भिंतीवर लावून चालणार नाही.

अजून एक हिशेब तुमच्या बाजूने मांडा. शाखेमागे साडेसात हजार मिळणार. फिरून तपासणी करायला एक माणूस ठेवलात तर पगार आणि पेट्रोल मिळून पंचवीस हजार. म्हणजे चौथ्या शाखेपर्यंत तुमच्या हाताला फारसं काही लागत नाही. एक-दोन शाखांवर श्रीमंत होणार नाही आणि दहा शाखा एकदम दिल्या तर तपासणी होणार नाही.

चहावाला_विटा

बरोबर. आमच्या कंपनीने वर्षात साठ दिल्या असं ते अभिमानाने सांगायचे. त्यांचा सगळा पैसा फीमध्येच होता, दुकान चाललं काय नि बंद पडलं काय.

कृष्णाकाठ

@माहुलीचा_मिसळवाला, फी किती ठेवायची याचं उत्तर ह्यातच आहे. तुमचे तीन आठवडे, माणसाचे पंधरा दिवस, बोर्ड, पहिला मसाला, कागदपत्रं, येणंजाणं हे सगळं लिहून काढा. आमचं सत्तर-ऐंशी हजारांपर्यंत जायचं. वर थोडं ठेवून लाखभर. फीमध्ये नफा ठेवला की नवीन शाखा द्यायची घाई होते. मसाल्यात नफा ठेवला की जुनी शाखा चालावी असं वाटतं.

हद्दीबद्दल माझं अजून पक्कं झालेलं नाही. किलोमीटर लिहिले तर वाद होतात, कारण मधे महामार्ग किंवा नदी असते. आम्ही नंतर गावाचे भाग नावाने लिहायला लागलो, तरी मिरजेत एकदा बिनसलंच.

वाईची_वकील

मला वाटतं हद्दीबरोबर आणखी एक वाक्य घाला. शेजारच्या भागात नवी शाखा द्यायची झाली तर आधी ह्याला विचारायचं, आणि त्याने तीस दिवसांत नाही म्हटलं तरच दुसऱ्याला द्यायची.

पाटण_खोरे

हे पटत नाही. एकच माणूस सगळं कराड दाबून बसेल आणि धंदाही वाढवणार नाही. प्लेटांचं किमान टार्गेट पाहिजे त्याला.

चहावाला_विटा

टार्गेट लावलं की काय होतं ते मी सोसलंय. खपो न खपो, पूड उचलायलाच लागायची. चौदा किलो अजून माळ्यावर पडलीय.

माहुलीचा_मिसळवाला

सगळ्यांचे आभार. अडीच महिन्यांनी परत लिहितोय.

कोरेगावच्या पोराला बोलावून सांगितलं की तुला एवढ्यात शाखा देत नाही, आणि का देत नाही तो हिशेब कागदावर मांडून दाखवला. तो रुसला नाही. म्हणाला, मग मला तुमच्याकडे कामाला घ्या. आता तो कराडच्या दुकानात आहे. ते दुकान मीच काढलंय, माझ्याच पैशाने, आणि ठरवून मी आठवड्यातून एकदाच जातो.

पहिल्या महिन्यात तिथं प्लेटला १६ ग्रॅम मसाला गेला, साताऱ्यापेक्षा ४ ग्रॅम जास्त. आधी वाटलं आचारी चोरतोय. पाव बघितले तर प्लेटमागे तेही जास्त होते. मग उभं राहून बघितलं. कराडचा माणूस रस्सा तीनदा मागतो, साताऱ्यात बहुतेक दोनदा. म्हणजे मसाल्याचं प्रमाण गावागणिक वेगळं येणार आणि १२ ग्रॅम सगळ्यांना लावता येणार नाही. दुसऱ्या महिन्यात वाढण्याची पळी लहान केली. आता १४ वर आलंय, पण दोन-तीन गिऱ्हाइकांनी पळीबद्दल बोलून दाखवलं, आणि ते मला टोचतंय.

रोज ८५ ते ९५ प्लेट जातात. १२० च्या हिशेबाला अजून पोचलेलो नाही.

नावाचा अर्ज दोन्ही वर्गांत भरला. आईने कट वजनावर आणायला तीन आठवडे दिले. ती मूठ भरायची आणि मी खाली वजनकाटा धरायचो. तिची मूठ सकाळी ४२ ग्रॅमची आणि दुपारी दमल्यावर ३६ ची निघाली.

@कृष्णाकाठ, एक विचारायचं होतं. रस्सा किती वेळा मोफत द्यायचा हे तुम्ही शाखांना बांधून दिलं होतं, की ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं?

कृष्णाकाठ

बांधून दिलं होतं, दोनदा. सातपैकी तीन शाखांनी पहिल्याच आठवड्यात मोडलं, आणि त्यातल्या दोन आज सगळ्यांत जास्त चालतात. त्यांच्याकडून मसाला जास्त जातो म्हणून मी गप्प बसलो. पण बाकीचे चार मालक मला दर बैठकीत विचारतात, त्यांना चालतं तर आम्हाला का नाही. माझ्याकडे अजून उत्तर नाही.